‘आणि त्यापुढे नाही’ : नक्कल, टीका आणि अपमान यांच्यामधली रेघ

(व्याख्यानमालेतल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवलाय.)

नमस्कार. आयोजकांनी मला विषय दिला तेव्हा म्हणाले, सर, राजकीय विनोद आणि वैयक्तिक अपमान यावर बोला, मुलं हल्ली नेत्यांच्या नकलांचे रील करतात आणि मग घरी पोलीस येतात. मी वकील नाही हे आधीच सांगतो. मी नकला करणारा माणूस आहे, गणेशोत्सवातल्या स्टेजवर सुरुवात केली आणि अजूनही करतोय. पण या धंद्यात राहायचं तर कायद्याचं एक पान पाठ असावं लागतं, ते मी एका वकील मित्राकडे बसून पाठ केलंय, आणि आज मुख्यतः त्या पानावरच्या एका ओळीबद्दल बोलणार आहे.

त्याआधी एक गोष्ट सांगतो. १९९८ चा गणेशोत्सव, आमचंच गाव, तेव्हा पाण्याची भयंकर ओरड होती, टँकर दिवसाआड यायचा आणि कागदावर मात्र रोज दोन फेऱ्या दाखवल्या जायच्या. मी नगराध्यक्षांची नक्कल केली. ते एका पायाने थोडे लंगडायचे. मी स्टेजवर लंगडत आलो आणि पहिल्या तीन पावलांतच अख्खा मांडव हसला, शिट्ट्या पडल्या, मला वाटलं जिंकलो. मग मी टँकरच्या फेऱ्यांवर दहा मिनिटं बोललो, चांगलं बोललो, लॉगबुकचे आकडे होते माझ्याकडे. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर काय चर्चा होती माहितीये? लंगडण्याची. अर्धे लोक म्हणत होते काय हुबेहूब केलं, उरलेले म्हणत होते असं करायला नको होतं, बिचाऱ्यांना लहानपणापासून त्रास आहे पायाचा. टँकरचं नाव कुणी काढेना. नगराध्यक्षांनी पुढच्या सभेत डोळ्यात पाणी आणून सांगितलं की माझ्या अपंगत्वाची थट्टा केली, आणि टाळ्या त्यांना पडल्या. त्यांचं चुकत नव्हतं हो, मी खरंच तेच केलं होतं. पाण्याचा प्रश्न मी माझ्या हाताने त्यांच्या पायाखाली झाकून दिला.

आता ती ओळ. अब्रुनुकसानीचं कलम, पूर्वी भारतीय दंड संहितेत ४९९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३५६ आहे, मजकूर जवळपास तसाच. त्याला दहा अपवाद आहेत. दुसरा अपवाद लोकसेवकाबद्दल आहे, आणि तो म्हणतो की लोकसेवकाच्या सार्वजनिक कामातल्या वागणुकीबद्दल सद्भावनेने कुठलंही मत मांडणं ही अब्रुनुकसानी नाही, आणि त्याच्या चारित्र्याबद्दलही मत मांडता येतं, पण ते चारित्र्य त्या वागणुकीतून जेवढं दिसतं तेवढ्यापुरतं, आणि त्यापुढे नाही. हे शेवटचे तीन शब्द बघा, ‘आणि त्यापुढे नाही’. १८६० सालचा कायदा आहे, त्या काळी रील नव्हते, माईक नव्हता, पण नकलाकाराला यापेक्षा नेमका सल्ला मला आजपर्यंत कुणी दिलेला नाही. म्हणजे नेता भित्रा आहे असं म्हणायचंय? म्हणा, पण तो सभागृहातल्या कुठल्या प्रश्नाला पळून गेला ते आधी दाखवा. लोभी म्हणायचंय? कुठल्या ठरावात लोभ दिसला ते दाखवा. वागणूक जिथे संपते तिथे तुमची मुभा पण संपते.

याच कलमाची अजून दोन-तीन टोकं आहेत जी नकलाकारांना माहितीच नसतात. पहिलं, हे कलम फक्त बोललेल्या-लिहिलेल्या शब्दांना लागू नाही, खुणा आणि दृश्य रूप पण त्यात आहे, म्हणजे मी तोंडातून एक शब्द न काढता नुसता हावभाव केला तरी तो धरला जातो. दुसरं, कलमाखाली स्पष्टीकरणं दिलेली आहेत त्यात साफ लिहिलंय की उपरोधाने केलेला आरोप सुद्धा अब्रुनुकसानी ठरू शकतो. बरीच पोरं म्हणतात सर आम्ही तर उलटं बोललो, ‘साहेब किती प्रामाणिक’ असं म्हणालो, मग कसली केस? तर ती पळवाट दीडशे वर्षांपूर्वीच बंद केलेली आहे. आणि तिसरं, अब्रू गेली असं कधी म्हणायचं त्याची जी यादी आहे तिच्यात नैतिक आणि बौद्धिक चारित्र्य आहे, जात आणि व्यवसाय यासंबंधीची प्रतिष्ठा आहे, पत आहे, आणि माणसाचं शरीर किळसवाण्या अवस्थेत आहे असं लोकांना वाटायला लावणं हे पण आहे. शरीर! म्हणजे शरीरावरची थट्टा ही नुसती असभ्यपणाची गोष्ट नाही, काही वेळा कायद्याच्या तावडीत येणारी आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि नव्या कायद्यात समाजसेवेचा पर्याय पण आलाय.

आणि सद्भावना म्हणजे मनातला चांगुलपणा असं समजू नका. कायद्यात त्याचा अर्थ कोरडा आहे, योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असं मानता येत नाही. म्हणजे तुम्ही तपासलं का, कागद बघितला का, एवढाच प्रश्न. माझं मन साफ होतं हे उत्तर तिथे चालत नाही.

आता नकलेकडे येऊ. नक्कल करताना आपण नक्की काय उचलतो? मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना एक सवय लावतो, नेत्याचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ आधी आवाज बंद करून बघायचा, मग चित्र न बघता फक्त ऐकायचा, आणि जे जे दिसलं-ऐकलं ते दोन कप्प्यांत टाकायचं. एका कप्प्यात त्याने स्वतः निवडलेल्या गोष्टी, दुसऱ्यात त्याच्या वाट्याला आलेल्या. ठरावीक शब्द परत परत वापरणं, टाळ्यांसाठी थांबणं, प्रश्न आला की दुसरीकडेच जाणं, उपरणं सावरणं, कॅमेरा दिसला की चालीत फरक पडणं, हे सगळं निवडलेलं आहे, हे त्याच्या राजकारणाचा भाग आहे. उंची, रंग, दात, तोतरेपणा, चष्म्याचा नंबर, आजारपण, जात, कुणाच्या पोटी जन्माला आला, हे वाट्याला आलेलं. पहिल्या कप्प्यावर वाट्टेल तेवढी मेहनत करा, दुसऱ्याला हात लावू नका.

लगेच कुणीतरी म्हणेल की सर मग नक्कल ओळखू कशी येणार? शरद पवारांचं उदाहरण घ्या, कारण महाराष्ट्रात त्यांची नक्कल केली नाही असा नकलाकार सापडणार नाही. २००४ मध्ये त्यांची तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर उच्चार बदलले, हे सगळ्यांना माहिती आहे. आता सोपा रस्ता कुठला? गालात काहीतरी धरायचं आणि शब्द दाबून बोलायचं, मांडव पहिल्या वाक्याला हसतो. मी स्वतः हे काही वर्षं केलंय. आणि मग एकदा शांतपणे बसून विचार केला की मी इथे कशावर टीका करतोय? ऊस दरावर? सहकारावर? कुणाशी युती केली त्यावर? कशावरच नाही, मी एका ऑपरेशनवर हसवतोय. मग मी तो आवाज सोडला आणि त्यांची पद्धत पकडायला बसलो, ती फार अवघड आहे. वाक्य छोटं, विशेषण जवळजवळ नाही, आवाज चढत नाही, प्रश्न विचारणाऱ्याकडे शांतपणे बघायचं, आणि उत्तर असं द्यायचं की दोन विरुद्ध पक्षांचे लोक दोघंही खूश होऊन घरी जातील. ही नक्कल बसायला मला चारेक महिने लागले. आता गाल न फुगवता लोक दुसऱ्या वाक्याला ओळखतात, आणि हसू येतं ते त्यांच्या राजकारणाला येतं, जे त्यांनी पन्नास-साठ वर्षं स्वतः निवडून केलंय.

याच विषयाची दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे. मे २०२२ मध्ये पवारांच्या आजारावर आणि दिसण्यावर घसरणारी एक कविता एका अभिनेत्रीने फेसबुकवर शेअर केली, तिला ठाणे पोलिसांनी अटक केली आणि महिन्याहून जास्त काळ ती आत होती. ती कविता मला अजिबात आवडलेली नाही, तिच्यात टीका नव्हती, नुसता द्वेष होता. पण तेवढ्यासाठी एखाद्याला महिनाभर कोठडीत ठेवणं हे मला त्या कवितेपेक्षा जास्त वाईट वाटतं. रेघ ओलांडली हे म्हणणं वेगळं आणि जेलमध्ये टाका म्हणणं वेगळं. या दोन गोष्टी आपल्याकडे फार पटकन एक होतात.

आता एक प्रसंग सावकाश बघू, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो मोबाईलवर पाहिला असेल. १९ डिसेंबर २०२३, दिल्ली. त्या दिवसापर्यंत विरोधी पक्षांचे दोन्ही सभागृहं मिळून १४१ खासदार निलंबित झालेले होते, एका अधिवेशनात इतकं मोठं निलंबन कधी झालं नव्हतं. ते खासदार नव्या संसद भवनाच्या पायऱ्यांवर बसले होते आणि तृणमूलचे कल्याण बॅनर्जी उभे राहून राज्यसभेचे सभापती जगदीप धनखड यांची नक्कल करत होते, राहुल गांधी मोबाईलवर शूट करत होते. विषय पूर्ण सार्वजनिक, सभापतींचं सभागृहातलं वागणं हे त्या दुसऱ्या अपवादाच्या मधोमध बसणारं, आणि नक्कल करणारे स्वतः त्या निलंबनामुळे बाहेर बसलेले. टीकेला यापेक्षा चांगली जमीन मिळणं अवघड.

आणि तरी फसलं, कारण त्यात लोकांच्या डोळ्यात काय राहिलं तर वाकलेली पाठ आणि हातवारे. पाठीचा कणा हा शब्द राजकारणात वापरतातच, कणा नाही म्हणजे सत्तेपुढे झुकतो, त्यामुळे कुणी म्हणेल की तो रूपकाचा भाग होता, आणि मला ते पूर्ण अमान्य नाही. पण खरोखर माणूस ज्या ढबीने उभा राहतो तीच ढब तुम्ही उचलली की रूपक कुणाला दिसत नाही, शरीर दिसतं. पुढच्या चोवीस तासांत काय झालं बघा, धनखड म्हणाले हा माझ्या पदाचा, माझ्या शेतकरी पार्श्वभूमीचा आणि जाट समाजाचा अपमान आहे, टीव्हीवर तीच चर्चा, आणि १४१ खासदार बाहेर का बसलेत हा प्रश्न त्या चर्चेत बुडाला. माझ्या टँकरसारखंच. आणि दुसऱ्या बाजूचं पण स्पष्ट बोललं पाहिजे, त्या नकलेत जात कुठेच नव्हती, शेती पण नव्हती. ती नंतर आणली गेली. एका माणसाच्या नकलेला सगळ्या समाजाचा अपमान ठरवणं ही ढाल आपल्याकडे सगळे पक्ष वापरतात, आणि ती ढाल चालते कारण नकलाकाराने आधी शरीराला हात लावून समोरच्याला दुखावलं जाण्याचा हक्क दिलेला असतो.

मी असतो तर काय केलं असतं? हा प्रश्न मी त्या रात्री स्वतःला विचारला आणि वहीत लिहून काढलं. सरळ ताठ उभं राहायचं. हातात एक यादी, नावं वाचत जायची, एकेकाला बाहेर जा सांगायचं, समोरच्या पायऱ्यांवरचा एकेक जण उठून जाणार, शेवटी कुणीच उरत नाही, मग रिकाम्या पायऱ्यांकडे बघून म्हणायचं, ‘आता सभागृहात छान शिस्त आहे, प्रस्ताव मंजूर.’ यात माणूस आहे, पद आहे, त्याने केलेली कृती आहे, आणि ती यादी खरी आहे. पाठ नाहीये. यावर कुणालाही चिडता येईल पण निलंबनाबद्दल बोलल्याशिवाय चिडता येणार नाही.

कोर्टाने हीच रेघ शब्दशः ओढल्याचं एक उदाहरण जर्मनीत आहे, मला ते फार मोलाचं वाटतं म्हणून सांगतो. मार्च २०१६ मध्ये यान ब्योमरमान नावाच्या टीव्ही विनोदकाराने तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांच्यावर एक कविता वाचली, चोवीस ओळींची. वाचायच्या आधी तो म्हणाला की आता मी दाखवतो की टीकेच्या नावाखाली काय काय करायला परवानगी नाही, आणि मग तेच सगळं केलं. प्रकरण इतकं पेटलं की परदेशी राष्ट्रप्रमुखाचा अपमान करण्याबद्दलचं एक जुनं कलम लावून खटला चालवायला चान्सलर मर्केल यांनी परवानगी दिली. फौजदारी तपास त्याच वर्षी बंद झाला, ते कलमच पुढे रद्द झालं. पण हॅम्बुर्गच्या दिवाणी कोर्टाने त्या कवितेची अक्षरशः ओळन् ओळ तपासली आणि चोवीसपैकी अठरा ओळी परत म्हणायला बंदी केली, सहा ठेवल्या. २०१७ मध्ये तोच निकाल कायम केला, आणि वरच्या कोर्टांत पण तो टिकला.

कुठल्या सहा ठेवल्या हे बघण्यासारखं आहे. अल्पसंख्याकांना दडपणं, कुर्दांना लाथा घालणं, मुलींना मारणं अशा ओळी राहिल्या, कारण त्याच महिन्यात इस्तंबूलमध्ये महिलांच्या मोर्चावर पोलिसांनी बळ वापरलं होतं, म्हणजे त्या ओळींच्या खाली खरोखर घडलेली गोष्ट होती. आणि मठ्ठ, भित्रा अशा अर्थाची सुरुवातीची ओळ सुद्धा राहिली! शब्द कडक आहे म्हणून कोर्टाने काढला नाही. गेलं ते जनावरांशी संबंध, शरीराचा वास, लैंगिक गोष्टी, ज्याचा त्याच्या राज्यकारभाराशी काडीचा संबंध नाही. आणि ‘हे मी उदाहरण म्हणून सांगतोय’ ही आधीची प्रस्तावना त्या अठरा ओळींना वाचवू शकली नाही. आपल्याकडे व्हिडिओच्या सुरुवातीला ‘केवळ मनोरंजनासाठी, कुणाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही’ अशी पाटी टाकतात ना, ती पाटी टाका, पण तिच्या भरवशावर पुढे काहीही करू नका.

आता मला वेळ घेऊन बोलायचंय ते तोंडी घातलेल्या वाक्यांबद्दल, कारण व्यंगचित्रकारापेक्षा नकलाकाराला हा धोका जास्त आहे. मी दुसऱ्याच्या आवाजात ‘मी’ म्हणतो. व्यंगचित्र बघणाऱ्याला हे चित्र आहे हे कळतं, पण नक्कल जितकी हुबेहूब तितकी ती खरी वाटायची शक्यता जास्त. रास्त टीकेचा, म्हणजे फेअर कमेंटचा, पाया असा आहे की लोकहिताचा विषय पाहिजे, खाली जी घटना धरलीये ती खरी पाहिजे, ते मत आहे हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, आणि ते प्रामाणिक पाहिजे, सूड म्हणून नको. यातली तिसरी गोष्ट नकलेत घसरते. मत आणि माहिती यांची सरमिसळ होते.

मागच्या वर्षी एका छोट्या गावातल्या पोरांनी मला स्क्रिप्ट पाठवलं, गाव सांगत नाही. बसस्टँड ते बाजारपेठ रस्ता एका वर्षात तीनदा खणला गेला, आधी गटार, मग पाण्याची लाईन, मग केबल. नगराध्यक्षांची नक्कल करायची होती. पहिली ओळ होती, ‘या रस्त्यावर माझं इतकं प्रेम आहे की वर्षातून तीनदा उघडून बघतो.’ सुंदर ओळ. तीनदा खणला हे खरं, प्रेमाने उघडून बघतो ही उघड अतिशयोक्ती, कुणी खरं मानणार नाही. ठेवली.

दुसरी ओळ, ‘मेव्हण्याला काम द्यायचं म्हणून खणतोय.’ मी विचारलं, मेव्हणा कॉन्ट्रॅक्टर आहे का? म्हणाले, सर अख्खं गाव म्हणतं. कागद? नाही. मग ही ओळ मत नाही, ही माहिती आहे, आणि भ्रष्टाचाराचा ठाम आरोप आहे, विनोदाच्या कपड्यात असला म्हणून काय झालं. टेंडरवर ते नाव दिसलं तर ठेवा, नाहीतर काढा. त्यांनी माहिती अधिकारात अर्ज केलेला होता, तीस दिवस उलटून गेले तरी उत्तर नव्हतं, त्याची पोच होती. मग आम्ही ओळ बदलली, ‘कॉन्ट्रॅक्टर कोण ते मला विचारू नका, माहिती अधिकारात विचारा, तिथेही मी सांगत नाही.’ खाली पोच आहे, त्यामुळे ही ओळ लोखंडासारखी उभी राहते, आणि खरं सांगतो, जास्त हशा हिलाच आला.

तिसरी ओळ रात्रीच्या पिण्यावर होती. मी विचारलं मीटिंगला पिऊन आले होते का? नाही. मग काढा, घरात बसून कोण काय पितो हा रस्त्याचा प्रश्न नाही. पोटावर हात फिरवत ढेकर द्यायची एक जागा होती, ती पण काढली. त्यांच्या बायकोवर पण एक ओळ होती, ती काढताना मात्र पोरांशी वाद झाला आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. ते म्हणाले, मागच्या टर्मला त्या स्वतः नगरसेविका होत्या आणि सगळ्या मीटिंगा हेच चालवायचे. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये महिलांना पन्नास टक्के आरक्षण आल्यापासून हा प्रकार गावोगाव आहे, सही तिची आणि कारभार नवऱ्याचा. तर तिथे मी म्हणालो, हा सार्वजनिक वागणुकीचा भाग आहे, यावर नक्कल करा, पण नवऱ्याची करा, तिच्या खुर्चीत बसणाऱ्याची. बायको म्हणून तिच्या साडीची, स्वयंपाकाची, भांडणाची नको.

आणि ढेकराच्या जागी काय घेतलं? नारळ. ते प्रत्येक कामाचा नारळ फोडतात, फोटो निघतात, पेपरात येतात. तर पोराने स्टेजवर येऊन नारळ फोडला, फोटोसाठी थांबला, हसला. दुसरा फोडला, थांबला, हसला. तिसऱ्याला लोक स्वतःच मोजायला लागले. एक शब्द नाही. ढबीने सगळ्यांनी ओळखलं, आणि तीनही वेळच्या उद्घाटनांचे फोटो त्यांच्याच पेजवर होते. हे असतं बघा, समोरच्याने स्वतः सार्वजनिक केलेल्या गोष्टीतूनच नक्कल उभी राहते.

मार्च २०२५ चं मुंबईतलं स्टँडअप कॉमेडियन कुणाल कामराचं प्रकरण तुम्ही विचारणारच म्हणून सांगतो. एकनाथ शिंदे यांच्यावरचं ते विडंबन गाणं, नाव न घेता, गद्दार हा शब्द, आणि ओळखीसाठी ठाण्याची रिक्षा, दाढी, चष्मा. माझ्या मते गद्दार हा शब्द जून २०२२ मध्ये पक्षातून आमदार घेऊन बाहेर पडण्याच्या कृतीवरचं मत आहे, ती कृती सगळ्यांनी पाहिलीये, कुणी तिला उठाव म्हणतं, कुणी गद्दारी, आणि दोन्ही म्हणायची मुभा असायला पाहिजे. दाढी-चष्मा ओळखण्यापुरते आहेत. रिक्षाबद्दल मात्र मला अडतं, कारण रिक्षा चालवून वर आलेला माणूस हा त्याच्या आणि त्याच्यासारख्या हजारोंच्या अभिमानाचा विषय आहे, आणि ओळख म्हणून आलेली गोष्ट ऐकणाऱ्याला हिणवणं वाटू शकते. मी ती जागा बदलली असती. पण त्यावरून खारमधला स्टुडिओ फोडला गेला त्याचं कसलंही समर्थन होत नाही. मुंबई हायकोर्टाने एप्रिलमध्ये त्याला अटकेपासून संरक्षण दिलं. नकलेला उत्तर द्यायचं तर उलटी नक्कल करा, महाराष्ट्राला ते नवीन नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. तुमची नक्कल पूर्ण कधीच फिरत नाही, वीस सेकंदांचा तुकडा फिरतो, आणि व्हॉट्सअॅपवर तो खरा ऑडिओ म्हणून जातो. म्हणून मी नकलेच्या मध्ये दर अर्ध्या मिनिटाला माझ्या स्वतःच्या आवाजात येतो, एखादं वाक्य बोलतो, परत जातो. सुरुवातीला लय तुटायची, आता तीच लय झालीये. नुसता ऑडिओ करूच नका, चेहरा दिसू दे. आणि नेत्याच्या आवाजात मतदानाची तारीख, योजनेची रक्कम, दंगलीबद्दल आवाहन असलं खरं वाटेल असं काही बोलायचं नाही, तिथे हशा नाहीच, नुसता घोळ आहे. खालची कागदपत्रं, बातमीचं कात्रण, मूळ भाषणाची लिंक, एका फाईलमध्ये तारखेसकट ठेवा. सद्भावना त्या फाईलमध्ये असते.

(शेवटी श्रोत्यांमधून एका मुलीने विचारलं की बायकांच्या नकला पुरुष करतात तेव्हा साडी आणि चाल एवढंच का असतं, आणि महिला नेत्याची नक्कल तिने स्वतः कशी करावी.)

ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं कारण आळस आहे. पुरुष नकलाकार साडी नेसला की अर्धा हशा फुकट मिळतो, मग तो ऐकतच नाही की ती बाई काय बोलते. ममता बॅनर्जींचं बघा. पांढरी सुती साडी आणि हवाई चप्पल ही त्यांनी ठरवून घेतलेली राजकीय ओळख आहे, त्यामुळे ती घ्यायला माझी हरकत नाही. २०२१ च्या निवडणुकीत नंदीग्रामला पाय दुखावल्यावर त्या व्हीलचेअरवरून प्रचार करत होत्या, तिथे अवघड होतं. पाय दुखणं हे वाट्याला आलेलं, पण व्हीलचेअर स्टेजवर आणून तिच्यावरून सभा घेणं हे निवडलेलं. मी तिथे खुर्ची घेईन, वेदनेचा चेहरा घेणार नाही. त्याच निवडणुकीत पंतप्रधानांनी सभेत ‘दीदी ओ दीदी’ अशी लांबवून हाक मारली होती, लोक हसले होते. ती हाक तुम्ही आज परत ऐका आणि त्यात त्यांच्या सरकारच्या कुठल्या कामावर टीका आहे ते शोधा. मला सापडली नाही. फक्त एका बाईला हाक मारायचा सूर होता. तुम्ही नक्कल कराल तेव्हा तिच्या सभेतला एक निर्णय आधी निवडा, तो ती कसा मांडते ते वीसदा ऐका, आणि साडी शेवटी नेसा.